पीजी मुदतीआधी सोडतेय, नोटीस कशी देऊ आणि डिपॉझिट कसं मागू?

रानजाई | १३ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी १ फेब्रुवारीपासून कर्वेनगरला एका बंगल्यात पीजी म्हणून राहते. वरच्या मजल्यावर आम्ही नऊ मुली, तीन खोल्यांत, कॉट बेसिसवर. मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात, वर यायचा जिना वेगळा आहे. महिना ९००० दोन वेळच्या जेवणासकट, आणि येताना १८००० डिपॉझिट दिलंय. त्याची साध्या पावती पुस्तकातली पावती आहे, बाकी ॲग्रीमेंट वगैरे काही नाही. एक छापील नियमांचा कागद आहे, त्यावर माझी सही घेतलेली. त्यात लिहिलंय की कमीत कमी ६ महिने राहावं लागेल, आधी सोडलं तर डिपॉझिट परत मिळणार नाही, सोडायच्या एक महिना आधी लेखी कळवायचं आणि जाताना १००० मेंटेनन्सचे कापणार.

आता मला ऐरोलीला नवीन नोकरी लागलीय, २१ जुलैला जॉइनिंग. १८ जुलैला सामान हलवायचा विचार आहे. १० तारखेला मी स्वयंपाकघरात मालकीणबाईंना सांगितलं की मी जुलैत सोडतेय, त्या पोळ्या लाटत होत्या, म्हणाल्या "बरं, बघू". बस एवढंच. रूममेट म्हणते तुझे १८ हजार गेले असं समज. माझ्यासाठी ही रक्कम खूप मोठी आहे हो, घरून परत मागायची माझी इच्छा नाही. काय करू?

चहाबाज | १३ जून, रात्री १०:५८

अभिनंदन आधी नोकरीचं! बाकी जाणकार येतीलच.

झणझणीत | १३ जून, रात्री ११:१५

सोप्पंय. जुलैचं भाडं देऊच नको. १८ हजार त्यांच्याकडे आहेत ना, त्यातून वळते करून घ्या म्हणावं. आम्ही वाकडला चौघांनी असंच केलं. आणि दुसरं म्हणजे केंद्राचा नवीन कायदा आलाय, दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही आणि घर सोडलं की परत द्यावंच लागतं. तो दाखव त्यांना.

दख्खनचा_पठ्ठ्या | १३ जून, रात्री ११:३२

माझ्या भाच्याचं सेम झालं, इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली, दुसऱ्या राउंडला दुसरं कॉलेज मिळालं तर हॉस्टेलवाले डिपॉझिट द्यायला तयार नाहीत. कॉलेजच्या प्राचार्यांना अर्ज द्या, नाहीतर विद्यापीठात जा. आम्ही चार हेलपाटे घातले तेव्हा मिळाले.

रानजाई | १३ जून, रात्री ११:४०

दादा, माझं कॉलेजचं हॉस्टेल नाहीये, खाजगी पीजी आहे. नोकरी करते मी. पण धन्यवाद.

नीरक्षीर | १४ जून, सकाळी ७:५०

मी अकरा वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात भाडेकराराचीच कामं केली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी झणझणीत यांचा मुद्दा. केंद्राने २०२१ मध्ये आणला तो आदर्श भाडे कायदा, म्हणजे नमुना. राज्याने स्वतः स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्रात अजून १९९९ चाच भाडे नियंत्रण कायदा चालतो आणि त्यात लिव्ह लायसन्सच्या डिपॉझिटवर अशी दोन महिन्यांची मर्यादा नाही. तो कागद मालकीणबाईंसमोर धरला आणि त्यांनी कुठल्या वकिलाला विचारलं तर तुमचं बाकी सगळं खरं म्हणणंही खोटं वाटायला लागेल.

आता रानजाई, तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही एक गोष्ट बोटांवर मोजून बघा. १ फेब्रुवारीपासून सहा महिने ३१ जुलैला पूर्ण होतात. तुम्ही सामान १८ ला हलवणार, म्हणजे मधले फक्त तेरा दिवस. तुम्ही नोटिशीत शेवटची तारीख १८ जुलै लिहिलीत तर तुम्ही स्वतःच्या हाताने सहा महिन्यांची अट मोडलीत. तेच ३१ जुलै लिहिलीत आणि जुलैचं पूर्ण भाडं मान्य केलंत तर अट पाळली गेली, डिपॉझिट जप्त करायला त्यांना कारणच राहत नाही. तुम्ही प्रत्यक्ष कधी झोपायला जाता येता हा तुमचा प्रश्न. तेरा दिवसांचं भाडं होतं पावणेचार हजाराच्या आसपास. ते जाईल, पण १८ हजार वाचतात.

दुसरी गोष्ट, स्वयंपाकघरातलं बोलणं नोटीस नाही. कागदावर "लेखी" लिहिलंय. आज १४ तारीख आहे, आजच पाठवा. जून संपायच्या आत कळवणं महत्त्वाचं, कारण पुष्कळ पीजीवाले म्हणतात नोटीस पुढच्या एक तारखेपासून मोजणार. तुम्ही जूनमध्येच ३१ जुलैसाठी दिलीत तर कशीही मोजली तरी महिना भरतो. हीच नोटीस २ जुलैला गेली असती तर त्यांनी ऑगस्टचं पूर्ण भाडं मागितलं असतं, आणि असे वाद मी ढिगाने बघितलेत.

हिंजवडीकर | १४ जून, सकाळी ९:०५

नोटीस एक तारखेपासून मोजतात हे १००% खरं. मी ५ ऑक्टोबरला सांगून ५ नोव्हेंबरला निघालो तर पूर्ण नोव्हेंबर कापला. मी भांडलो की कागदावर फक्त एक महिना लिहिलंय, कुठल्या तारखेपासून ते नाही, तर म्हणे सगळ्यांना तसंच आहे, ऑफिसात जाऊन बोला, आणि ऑफिस कुठे तर बंगलोरला.

रानजाई | १४ जून, सकाळी ९:३०

नीरक्षीर काका, खूप आभार. ३१ जुलैचं माझ्या डोक्यातच नव्हतं आलं! नोटीस व्हॉट्सॲपवर चालेल का? आणि मजकूर काय लिहू? मला ते कडक कायदेशीर नको वाटतं, बाई वाईट नाहीत, आजारी होते तेव्हा मऊ भात करून वर पाठवला होता त्यांनी.

नीरक्षीर | १४ जून, सकाळी १०:१०

कडक नकोच. व्हॉट्सॲपवर पाठवा आणि तोच मजकूर एका कागदावर लिहून हातात द्या, दुसऱ्या प्रतीवर "मिळाली" म्हणून सही आणि तारीख घ्या. सही देत नसतील तर भांडू नका, त्या कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर "आत्ता आपल्याला दिलेलं पत्र" म्हणून टाका. मजकूर असा:

"ताई, मी आपल्याकडे १ फेब्रुवारीपासून राहते. नोकरीनिमित्त बाहेरगावी जात असल्याने मी ३१ जुलैअखेर जागा सोडत आहे. ही त्याची एक महिन्याहून आधीची लेखी सूचना. ३१ जुलैला माझे सहा महिने पूर्ण होतात. जुलैचं भाडं मी देईन. माझे १८००० डिपॉझिट आपल्याकडे आहे, पावतीचा फोटो सोबत जोडते. नियमाप्रमाणे मेंटेनन्सचे १००० वजा करून राहिलेली रक्कम माझ्या खात्यात कधी जमा कराल ते कृपया कळवावं. सामान मी १८ जुलैला हलवेन, त्या दिवशी आपण खोली बघून घ्यावी ही विनंती."

एवढंच. तब्येत, घरची अडचण, माफी, काही नको. आणि पाठवल्यावर डिलीट फॉर एव्हरीवन चुकूनही करू नका.

मंदाकाकू | १४ जून, दुपारी २:२०

मी स्वतः कोथरूडला मुलींचं पीजी चालवते, आठ मुली आहेत. सगळे मालक चोर अशी सुरुवात इथे होते म्हणून आमची बाजूही सांगते. बाळांनो, आमच्याकडे मुली येतात जून, जुलै, ऑगस्टमध्ये. तेव्हा दारात रांग. पण एखादी नोव्हेंबरात उठून गेली तर ती कॉट थेट पुढच्या जूनपर्यंत रिकामी राहू शकते. मावशींचा पगार, गॅस, वीज तेवढीच. म्हणून सहा महिन्यांची अट असते. पण जुलैत रिकामी झालेली कॉट चार दिवसात भरते, मी खोटं बोलणार नाही. रानजाईच्या मालकीणबाईंना तिच्या जाण्याने तोटा होण्यासारखं काही नाहीये. उलट लवकर कळलं तर त्या १९ जुलैपासून दुसरी मुलगी घेऊ शकतात. माझ्याकडे असं झालं तर मी उरलेल्या दिवसांचे पैसे जाणाऱ्या मुलीला परत देते. सगळे देत नाहीत हे मला माहीत आहे.

आणि झणझणीत, भाडं थांबवायचं नाही हो. एक तारीख उलटली की मालक मुलीच्या घरी फोन लावतात, आणि वडिलांना वाटतं पोरीनं काय केलं. मी पण लावलाय एकदा, मग वाईट वाटलं.

झणझणीत | १४ जून, दुपारी ३:००

काकू तुमच्यासारखे सगळे असते तर हा धागाच निघाला नसता. पण पैसे एकदा त्यांच्या खिशात गेले की परत येत नाहीत हा माझा अनुभव आहे. भाडं पण द्या आणि मग डिपॉझिटसाठी ऐरोलीवरून पुण्याला चकरा मारा. तिचा एक दिवसाचा पगार जाईल प्रत्येक चकरेला. मी माझ्या मतावर ठाम आहे.

नीरक्षीर | १४ जून, संध्याकाळी ६:१५

झणझणीत यांची भीती खोटी नाही, फक्त मार्ग चुकीचा आहे. न विचारता भाडं थांबवलं की अट मोडणारे तुम्ही ठरता, मग समोरच्याला जप्तीचं कारण आयतं मिळतं. पण विचारून करता येतं. "जुलैचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्याल का, राहिलेले ९००० खोलीच्या नुकसानीसाठी आपल्याकडे राहतील" असं लिहून विचारा. हो आलं तर तेवढा एक शब्द स्क्रीनवर जपून ठेवा. मग तुमचे अडकलेले पैसे १८ वरून ९ हजारांवर येतात आणि त्यांच्याही हातात काहीतरी राहतं. काकू, तुम्ही मान्य कराल का असं?

मंदाकाकू | १४ जून, रात्री ८:४०

हो, मी करते. एक महिन्याचं माझ्याकडे राहिलं की पुरे. दोन्ही महिने वळते करा म्हटलं तर नाही म्हणेन, कारण मग गाद्या, चाव्या, कपाट कशाचीच हमी राहत नाही.

श्टुटगार्टकर | १५ जून, पहाटे २:१०

इकडे जर्मनीत पण तारखेचाच खेळ आहे बरं. नोटीस तीन महिन्यांची, आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हातात पडली तरच तो महिना धरतात, एक दिवस उशीर झाला की पूर्ण महिना पुढे. ईमेल चालत नाही, सही केलेला कागदच लागतो. मी आलो तेव्हा हे माहीत नसल्याने एका महिन्याचं दोन घरांचं भाडं भरलंय. रानजाई, आजच्या आज दे कागद.

तांबडं_फुटलं | १५ जून, सकाळी ११:००

मी रानजाईसारख्याच अवस्थेत आहे म्हणून विचारते. मी एप्रिलमध्ये आले, शिवाजीनगरला, आणि तब्येतीमुळे आता जूनअखेर गावी जातेय. म्हणजे तीनच महिने. मला ३१ तारखेची युक्ती लागू नाही. माझे १६००० पूर्ण जाणार का? ॲग्रीमेंट माझ्याकडेही नाही.

नीरक्षीर | १५ जून, दुपारी १:३०

तुमची केस अवघड आहे पण हरलेली नाही. करार कायद्याचं ७४ वं कलम असं सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा झाली, प्रत्यक्षात मिळते ती वाजवी भरपाई. म्हणजे कॉट आठवड्यात भरली तर एका आठवड्याचं नुकसान, दोन महिन्यांचं नाही. आणि जून जुलै पुण्यात भरतीचा हंगाम आहे हे काकूंनी वर सांगितलंच. तुम्ही निघाल्यावर मैत्रिणीला त्या पीजीत कॉट आहे का विचारायला सांगा. "फुल आहे" असं उत्तर आलं, तर ते लेखी घ्या. वादात याहून मोठा पुरावा नाही.

ॲग्रीमेंटचं म्हणाल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाखाली करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, ती जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. पण इथे एक पेच आहे जो लोकांना माहीत नसतो. याच कायद्याच्या लेखी पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः राहतो त्याच जागेतला काही भाग ज्याला दिलाय तो, आणि त्याला कायद्याने लायसन्सीच्या व्याख्येतून बाहेर ठेवलंय. म्हणजे मालक राहत नाही असा अख्खा फ्लॅट कॉटवर दिला तर बाहेर पाटी पीजीची असली तरी कायद्यातलं पीजी ते नव्हे. रानजाईच्या बंगल्यात मालकीणबाई खाली, मुली वर, जिना वेगळा. ही एकच जागा की दोन, यावर दोन वकील दोन तास बोलतील. म्हणून मी ५५ कलमावर सगळा भार टाकायला सांगणार नाही.

लेकुरवाळी | १५ जून, दुपारी ४:४५

ग्राहक मंच का नाही सांगत कोणी? जेवण, खोली, साफसफाई पैसे घेऊन देतात म्हणजे सेवाच झाली ना. माझ्या नणंदेने १९१५ ला फोन केला होता, तक्रार नोंदवल्यावर दहा दिवसात पीजीवाल्यांचा फोन आला आणि निम्मे परत केले. निम्मेच. तिने सोडून दिलं.

नीरक्षीर | १५ जून, संध्याकाळी ७:००

बरोबर, तो मार्ग आहे. १९१५ ही हेल्पलाइन समेटासाठी असते, आदेश देत नाही, मोठ्या कंपनीच्या पीजीवर तिचा उपयोग जास्त होतो, घरगुती पीजीवर कमी. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि २०१९ च्या कायद्यापासून तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. तांबडं_फुटलं, म्हणजे गावाकडूनही करता येईल. मुदत दोन वर्षं. फक्त तारखा लांबतात, त्यामुळे आधी पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. पुष्कळ वेळा पाकिटानेच काम होतं.

मंदाकाकू | १५ जून, रात्री ९:१०

तांबडं_फुटलं, तब्येतीचं कारण आहे ना, डॉक्टरांचा कागद दाखव बाळा. आजारी मुलीचे पैसे ठेवून घेणारी बाई मला तरी भेटायची आहे. आणि जमलं तर तुझ्या जागी दुसरी मुलगी तूच आणून दे, आम्हाला त्यापेक्षा काही नको असतं.

हिंजवडीकर | १६ जून, सकाळी ८:२०

खोली सोडताना व्हिडिओ काढा सगळ्यांनी. गादी, भिंत, बाथरूम, पंखा चालू करून. माझ्या शेवटच्या हिशेबात १२०० रंगाचे लावले होते, भिंतीवर खिळा पण मारला नव्हता मी.

रानजाई | १८ जून, रात्री १०:०५

अपडेट देते. १५ ला कागद दिला, सही नाही केली त्यांनी, म्हणाल्या "आपल्यात सही कशाला". मग काकांनी सांगितलं तसं फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. आज संध्याकाळी मीच खाली गेले, जुलैचं वळतं करण्याबद्दल विचारलं. पहिल्यांदा त्या म्हणाल्या सहा महिने झाले नाहीत, मग मी कॅलेंडर काढून त्यांच्यासोबत एकेक महिना मोजला, फेब्रुवारी, मार्च, असं. जुलैवर आल्यावर त्या गप्प झाल्या. रात्री मेसेज आला, "जुलै डिपॉझिटमधून. बाकी खोली बघून." मी स्क्रीनशॉट आईला पण पाठवून ठेवलाय.

चहाबाज | १८ जून, रात्री १०:१२

वा! कॅलेंडर सगळ्यात भारी.

झणझणीत | १८ जून, रात्री ११:००

म्हणजे शेवटी जुलैचं भाडं दिलं नाहीसच ना! पण मान्य, विचारून केलंस ते बरं झालं. मला हे सुचलं नव्हतं.

रानजाई | ७ ऑगस्ट, रात्री ९:३०

उशिरा लिहितेय, नोकरीची गडबड होती. १८ जुलैला मालकीणबाई खोली बघायला वर आल्या. सगळं ठीक म्हणाल्या, चाव्या घेतल्या. काल खात्यात ७४०० आले. हिशेब विचारला तर ९००० मधून १००० मेंटेनन्स, आणि ६०० कपाटाच्या बिजागरीचे, "तू तोडलीस" म्हणून.

मला इतकं वाईट वाटलं, कारण ते कपाट मी आले तेव्हाच तसं होतं. वरची बिजागरी निखळलेली, दार खालच्या एकाच बिजागरीवर लोंबकळायचं, आणि आधीच्या मुलीने कडीला ओढणीची लाल चिंधी बांधून ते खिळ्याला अडकवलेलं. सहा महिने मी रोज सकाळी ती चिंधी सोडून कपडे काढायचे. रात्री फोन चाळत बसले तर १ फेब्रुवारीचा व्हिडिओ सापडला, आईला नवीन खोली दाखवायला केलेला. त्यात मी म्हणतेय "आई हे बघ माझं कपाट", आणि लाल चिंधी स्पष्ट दिसते. तो पाठवला आज सकाळी. काही बोलले नाही, फक्त लिहिलं की ताई हा पहिल्या दिवसाचा आहे.

हिंजवडीकर | ७ ऑगस्ट, रात्री ९:४१

तारीख दिसते का त्यावर?

रानजाई | ७ ऑगस्ट, रात्री ९:४५

हो, आईच्या चॅटमध्ये १ फेब्रुवारी दुपारचा आहे.

मंदाकाकू | ७ ऑगस्ट, रात्री १०:२०

माझ्या डोळ्यात पाणी आलं गं ती चिंधी वाचून. उद्या मी माझ्याकडच्या सगळ्या खोल्यांतली कपाटं बघून घेते. तुझ्या जागी नवीन मुलगी कधी आली काही कळलं का?

रानजाई | ७ ऑगस्ट, रात्री १०:३१

रूममेट म्हणाली २२ जुलैला आली. म्हणजे दहा दिवस दोघींचं भाडं त्यांच्याकडे आहे. ते मी मागणार नाहीये काकू, ३१ ची तारीख मीच दिली होती. ६०० मात्र हवेत.

तांबडं_फुटलं | ८ ऑगस्ट, सकाळी ७:१५

माझं अजून काहीच नाही. मैत्रिणीने विचारलं तर "कॉट नाही, फुल आहे" असा मेसेज आलाय, तो ठेवलाय. काल स्पीड पोस्टाने पत्र टाकलं. नीरक्षीर काका, पंधरा दिवस पत्र टाकल्यापासून मोजायचे की मिळाल्यापासून?

नीरक्षीर | ८ ऑगस्ट, सकाळी ८:००

पत्रात काय लिहिलंय तुम्ही? "पत्र मिळाल्यापासून" असं असेल तर मिळाल्यापासून. पोस्टाच्या साइटवर पोचल्याची तारीख दिसेल, त्या पानाचा फोटो आजच काढून ठेवा, नंतर ते पान राहत नाही.

रानजाई | ८ ऑगस्ट, दुपारी १:०५

मालकीणबाईंचा मेसेज आला आत्ता. "व्हिडिओ बघितला. मिस्त्रीला विचारून सांगते."